चहाच्या डब्यातले किडे आणि देवघरातली पिशवी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चहाच्या डब्याच्या झाकणाखाली मला दोन तपकिरी किडे दिसले. तिळाएवढे, गोलसर, चमच्याने हलवले तर पाय आखडून मेल्यासारखे पडून राहणारे. पावसाळ्यात होतंच असं, म्हणून मी पूड चाळली, डबा पुसला आणि पूड परत भरली. चार दिवसांनी शेवयांच्या पिशवीत तेच किडे निघाले. मेमध्ये घरीच केलेल्या गव्हाच्या शेवया होत्या. पिशवीला टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं होती आणि तळाशी पिठाच्या बारीक गुठळ्या जमल्या होत्या. एक गुठळी फोडली तर आत पांढरी, वाकडी, केसाळ अळी.

मग खजुराचं पाकीट उघडलं. वरून सगळे दाणे ठीक दिसत होते. सहज एक उभा चिरला, तर बी आणि गर यांच्यामध्ये भुसा आणि एक अळी. त्या पाकिटातले खजूर आम्ही रोज सकाळी मुलाला देत होतो. त्या क्षणी पोटात कालवलं. हा किडा चावत नाही आणि रोग पसरवत नाही हे नंतर कळलं, पण त्या दिवसापासून खजूर चिरून बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी तोंडात टाकत नाही.

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या दिशेने गेले. जे जे सापडलं ते उन्हात घातलं, डब्यांत कडुलिंबाचा पाला आणि लवंगा टाकल्या आणि सगळं पुन्हा त्याच फडताळात लावलं. जुलैचं ऊन ते कसलं! ताट जेमतेम कोमट व्हायचं. मोठे किडे उडून भिंतीवर बसायचे, पण दाण्याच्या आतल्या अळीला आणि अंड्यांना काहीच होत नव्हतं. वासाने किडा फार तर थोडा लांब राहतो, आत वाढणारी अळी त्याने मरत नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच.

सांगलीहून सासूबाई आल्या तेव्हा उलगडा झाला. पांढऱ्या ताटलीत ठेवलेला किडा बघून त्या म्हणाल्या, "अगं, हा हळदीचा किडा. हळकुंडं कुठे ठेवली आहेस?" मी मसाल्याचा डबा दाखवला. त्यात दळलेली हळद होती आणि ती स्वच्छ होती. त्या म्हणाल्या, "ही नव्हे, ओटीची." देवघराच्या खालच्या कप्प्यात चैत्रातल्या हळदीकुंकवापासून एक कापडी पिशवी पडून होती. हळकुंडं, खारका, सुपाऱ्या, बदाम. पिशवी उचलली तर खालून पिवळा भुसा सांडला. हळकुंडांना चाळणीसारखी भोकं पडली होती, एकेक बोटाने दाबलं की चुरा होत होतं. देवघर आणि फडताळ यांच्यामध्ये एकच भिंत. सगळे तिथूनच येत होते.

इंग्रजीत याला सिगारेट बीटल म्हणतात, कारण साठवलेल्या तंबाखूला तो लागतो. पण हळद, सुंठ, मिरची, खारीक, चहा, शेवया, कुत्र्याचं खाणं, काहीही त्याला चालतं. प्रौढ किडा फार खात नाही, जगतोही काही आठवडेच. नासाडी करते ती अळी. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी इतकी बारीक असते की साध्या झाकणाच्या फटीतून आत जाते आणि नंतर प्रौढ किडा पातळ प्लास्टिक कुरतडून बाहेर पडतो. माझ्या शेवयांच्या पिशवीची भोकं त्यातलीच.

बदामाच्या डब्यात मात्र वेगळं प्रकरण होतं. बदाम कोळिष्टकासारख्या जाळीने एकमेकांना चिकटले होते आणि त्यात गुलाबीसर अळ्या फिरत होत्या. जाळी दिसली की ते भुंगेऱ्याचं काम नाही, छोट्या पतंगाचं आहे. त्यासाठी संध्याकाळी स्वयंपाकघरात आडवेतिडवे उडणारे करडे पतंग शोधायचे. आणि चपटा, लांबट, झरझर पळणारा किडा दिसला तर तो तिसराच, तो चिरलेल्या सुक्यामेव्यात आणि रव्यात जास्त दिसतो. उपाय तिन्हींचा जवळपास सारखाच आहे, पण उगम शोधायचा तर कोण आहे हे ओळखावं लागतं. मोबाइलने फोटो काढून मोठा केला तरी पुरतं. हळदीच्या किड्याचं डोकं खाली वाकलेलं असतं आणि वरून बघितलं तर तो पाठीत कुबड असल्यासारखा दिसतो.

मग एका रविवारी दोघींनी सगळं बाहेर काढलं. ओटीची पिशवी, शेवया, खजूर, जाळी लागलेले बदाम आणि चहा घट्ट बांधून त्याच संध्याकाळी घराबाहेर टाकले. आतल्या कचऱ्याच्या डब्यात ठेवले असते तर किडे परत फडताळात आले असते. जे वरवर चांगलं होतं, म्हणजे बेदाणे, काजू, न उघडलेल्या शेवया, ते पाव-पाव किलोच्या हवाबंद पिशव्यांत पसरून फ्रीझरमध्ये ठेवलं. उणे १८ अंशांवर एक आठवडा ठेवला तर अंडी, अळी, किडा सगळे मरतात. किलोची गच्च पिशवी आतपर्यंत गार व्हायला वेळ घेते, म्हणून लहान पिशव्या. आमचा फ्रिज एकदारी आहे, त्याचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही, म्हणून मी दोन आठवडे ठेवलं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर सुक्यामेव्यावर पाणी सुटतं आणि मग किडा गेला तरी बुरशी येते.

फडताळातला कागद काढला तेव्हा त्याच्याखाली आणि स्क्रूच्या भोकांत पिठाचे कोश चिकटलेले होते. व्हॅक्यूमच्या बारीक तोंडाने प्रत्येक फट ओढून काढली. पाण्याने धुतलं नाही, कारण पावसाळ्यात लाकडाच्या फटी लवकर वाळत नाहीत. डबे गरम पाण्याने धुतले, झाकणांचे आटे जुन्या टूथब्रशने घासले, पूर्ण वाळवले. खाण्याच्या जागी फवारा मारला नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: धान्याच्या गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या कोणी आणून दिल्या तरी घरात ठेवू नका. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणसाचा जीव घेतो.

सफाईनंतरही किडे दिसत राहिले, आणि ते अपेक्षितच होतं. अंड्यापासून किडा व्हायला उबेत साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे राहून गेलेली अळी महिन्याभरानेही बाहेर येऊ शकते. हा किडा संध्याकाळी उजेडाकडे उडतो. मी रोज खिडकीची चौकट बघून सापडलेले किडे वहीत मांडायचे. पहिल्या आठवड्यात चौदा, मग सहा, मग पाच. चौथ्या आठवड्यात अचानक अकरा झाले. म्हणजे अजून काहीतरी राहिलं होतं. शोधल्यावर देवघराच्या मागे पडलेलं एक हळकुंड सापडलं. त्यानंतर आकडा उतरला आणि सप्टेंबरच्या शेवटी तीन आठवडे चौकट रिकामी राहिली.

आता चहा आणि खजूर रबरी कडीच्या काचेच्या बरण्यांत असतात, महिन्याभराला पुरतील एवढेच. नवा सुकामेवा आणि घरच्या शेवया आधी फ्रीझरमधून काढल्याशिवाय फडताळात जात नाहीत. ओटीचं सामान सासूबाईंनी स्वतः छोट्या बरणीत भरलं, वर महिना लिहिला आणि बरणी फ्रिजच्या दारात ठेवली.