परताव्याची तरतूद: एप्रिल-मेच्या क्रेडिट नोटा तपासताना

दुकानदारांना घाऊक तयार कपडे विकणाऱ्या कंपनीचं ३१ मार्चचं ऑडिट होतं. आकडे इथे सोपे केले आहेत. कंपनीने विक्री परताव्याची तरतूद, म्हणजे विकलेला माल पुढे परत येईल म्हणून आधीच धरलेली रक्कम, १२ लाख ठेवली होती: मार्चची विक्री २४० लाख, परतावा ५ टक्के. दर ठीक होता, पण हिशेब मार्चवरच थांबला होता.

परत आलेल्या मालाची किंवा सवलतीची रक्कम ग्राहकाच्या खात्यात जमा करताना क्रेडिट नोट निघते. मी मागच्या दोन वर्षांच्या क्रेडिट नोटा घेऊन प्रत्येकीसमोर मूळ बिलाची तारीख लावली. नुसत्या नोटेच्या तारखेवरून, माल विकल्यावर किती दिवसांनी परत येतो हे कळत नाही. चित्र असं निघालं: एकूण परताव्यापैकी ४० टक्के विक्रीच्या पुढच्या महिन्यात, ३५ टक्के त्यानंतरच्या आणि उरलेला २५ टक्के तिसऱ्या महिन्यात. म्हणजे ३१ मार्चला फेब्रुवारीच्या १८० लाखांवरचे ५.४ लाख आणि जानेवारीच्या १६० लाखांवरचे २ लाख यायचे बाकीच होते. तरतूद १९.४ लाख हवी.

मग एप्रिल-मेच्या नोटा पाहिल्या. एकूण २६ लाख. त्यातले ५.५ लाख रेट डिफरन्स आणि स्कीमचे, म्हणजे माल परत न येताच निघालेले; २ लाख एप्रिलच्याच बिलांवरचे. ही चाळणी न लावता आकडा वापरला की तुलनाच फसते. उरलेल्या १८.५ लाखांपैकी जानेवारी-फेब्रुवारीचे ७.४ लाख अंदाजाबरहुकूम आले. मार्चच्या बिलांवर मात्र मेअखेर ९ लाख अपेक्षित असताना ११.१ लाख आले होते. हा ७५ टक्के भाग धरला तर पूर्ण परतावा १४.८ लाख, म्हणजे दर सहाच्या वर. बिलं उघडली तर जादा परतावा मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या मालाचा निघाला. टार्गेटसाठी दुकानदारांच्या गळ्यात मारलेला माल, दुसरं काय! तरतूद २२.२ लाखांवर गेली.

क्रेडिट नोटांचं रजिस्टर पूर्ण आहे असं गृहीत धरू नये. माल गेटवर येतो, नोट मात्र ऑडिट संपेपर्यंत निघत नाही; म्हणून गेट इनवर्ड रजिस्टरवरून उलट दिशेने नोटांपर्यंत जावं लागतं. शिवाय काही दुकानदार स्वतःचं जीएसटी बिल काढून माल परत पाठवतात. तो परतावा खरेदीखात्यात जाऊन बसतो, नोटांत दिसतच नाही. खरेदीच्या यादीत आपल्याच ग्राहकांची नावं शोधली की सापडतो.

महसुलाच्या लेखा मानकाप्रमाणे, म्हणजे इंड एएस ११५ प्रमाणे, परत येणाऱ्या मालाची किंमत वेगळी मालमत्ता म्हणून दाखवायची, देण्यातून वजा करायची नाही. पण सीझन उलटलेला कुर्ता मूळ खर्चाच्या भावाने धरता येत नाही. परत आलेला माल पुढे कोणत्या भावाने विकला गेला, ती एप्रिल-मेची बिलं मी याच फाइलमध्ये लावून घेतली.