बेरीज जुळलेला संविधान तक्ता

ही गोष्ट गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली आहे. चतुर्थीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमच्या भागातल्या तीन हायस्कुलांनी नववीच्या विज्ञानाची पहिली सत्र परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर घ्यायचे ठरवले आणि ती काढण्याचे काम माझ्याकडे आले. प्रश्नपत्रिका 40 गुणांची होती आणि प्रकरणे पाच होती: पदार्थाच्या अवस्था, पेशी, ऊती, गती, आणि बल व गतीचे नियम. त्याआधी मी प्रश्नपत्रिका अनेक काढल्या होत्या, पण संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या प्रकरणाला, प्रश्नप्रकाराला आणि काठिण्यपातळीला किती गुण ते दाखवणारा आराखडा, मात्र प्रश्न लिहून झाल्यावर, दप्तराला जोडण्यापुरताच भरलेला असे. या वेळी तिन्ही शाळांची मुले एकाच कागदाला बसणार असल्यामुळे मी आधी तक्ता आणि मग प्रश्न, अशा योग्य क्रमाने काम करायचे ठरवले.

प्रकरणांचा भारांश मी तासिकांवरून काढला. वार्षिक नियोजनात या पाच प्रकरणांना मिळून 50 तासिका होत्या, म्हणजे एका तासिकेला 0.8 गुण पडत होते. पदार्थाच्या अवस्थांना 8 तासिका होत्या, त्यांचे 6.4 गुण येत होते ते मी 6 धरले. गतीला 12 तासिका होत्या, त्यांचे 9.6 होत होते ते 10 धरले. उरलेल्या तीन प्रकरणांना प्रत्येकी 10 तासिका, म्हणजे प्रत्येकी 8 गुण मिळाले. प्रश्नप्रकार असे ठरले होते की एका गुणाचे आठ, दोन गुणांचे सहा, तीन गुणांचे पाच आणि पाच गुणांचा एक प्रश्न असावा. काठिण्यपातळीचे प्रमाण सोपे 30 टक्के, मध्यम 50 टक्के आणि कठीण 20 टक्के, म्हणजे अनुक्रमे 12, 20 आणि 8 गुण, असे होते. मी 20 प्रश्न लिहिले, प्रत्येक प्रश्न तक्त्यात बसवला आणि उभ्या-आडव्या सर्व बेरजा 40 वर आल्या. दोन रात्री जागून केलेले काम बिनचूक झाले, याचे मला खरोखर समाधान वाटले.

प्रश्नपत्रिकेच्या तपासणीसाठी आम्ही एका शनिवारी वाळपईला जमलो. बाहेर पावसाची सर अखंड चालू होती. तपासणीला एक ज्येष्ठ, निवृत्त मुख्याध्यापक आले होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. त्यांनी प्रश्नपत्रिका बाजूला ठेवली आणि प्रथम तक्ता मागून घेतला. शेवटच्या ओळीतली आणि शेवटच्या रकान्यातली बेरीज त्यांनी तळहाताने झाकली आणि मला म्हणाले, "टीचर, बेरजा जुळल्याच असणार, त्या मी बघत नाही. कठीण प्रश्नांचे 8 गुण कुठल्या प्रकरणांत पडले आहेत तेवढे मला वाचून दाखवा."

मी वाचू लागले आणि वाचतानाच माझ्या लक्षात आले. गतीत पाच गुणांचे एक उदाहरण होते आणि बलात तीन गुणांचे एक. 8 गुण तिथेच संपले होते. पदार्थाच्या अवस्था, पेशी आणि ऊती या तीन प्रकरणांत मिळून 22 गुण होते, पण त्यांतला एकही कठीण नव्हता. उलट सोप्या 12 गुणांपैकी 11 गुण याच तीन प्रकरणांत होते. गतीत एक होता आणि बलात एकही नव्हता. प्रकरणांची वाटणी स्वतंत्रपणे बरोबर होती, काठिण्याची वाटणीही स्वतंत्रपणे बरोबर होती, पण दोन्ही एकत्र पाहिल्या की जीवशास्त्र म्हणजे सोपे आणि भौतिकशास्त्र म्हणजे कठीण, एवढाच त्या कागदाचा अर्थ निघत होता.

सरांनी मग एक साधी रीत सांगितली, ती मी आजही वापरते. मनात एक मूल धरायचे आणि त्याला तक्त्यातून चालवायचे. आम्ही असे मूल धरले की ज्याला विज्ञान समजते, पण भागाकार आणि दशांश चिन्ह जमत नाही. माझ्या कागदावर आकडेमोडीची उदाहरणे पाच होती आणि त्यांचे गुण 15 होत होते. त्या मुलाचे हे सगळे गुण एकाच उणिवेमुळे जाणार होते आणि त्यात कठीण प्रश्नांचे आठही गुण येत होते. म्हणजे मी ज्याला काठिण्य म्हणत होते ते बहुतांशी अंकगणित होते. दुसरे मूल आम्ही असे धरले की ज्याने पेशी आणि ऊती नुसत्या पाठ केल्या आहेत. त्या दोन प्रकरणांच्या 16 गुणांत त्याला कुठेच अडवणारा प्रश्न नव्हता, त्यामुळे त्याला काय समजले आणि काय नाही, हे उत्तरपत्रिका तपासूनही आम्हाला कळले नसते.

एका शिक्षिकेने तेव्हा रास्त शंका काढली की मग प्रत्येक प्रकरणात तिन्ही पातळ्या आणि चारही प्रकार यायला हवेत का. सरांनी तक्त्यातली घरे मोजायला सांगितली. पाच प्रकरणे, तीन पातळ्या आणि चार प्रकार मिळून 60 घरे होतात आणि प्रश्न तर फक्त 20. निदान 40 घरे रिकामी राहणारच. म्हणून तक्त्यात रिकामे घर असणे हा दोष नाही. रिकामी घरे एकाच कोपऱ्यात साचणे हा दोष आहे. कठीण गुण 8 असताना ते पाच प्रकरणांत वाटण्याचा हट्ट धरला तर एकेका गुणाचे कठीण प्रश्न काढावे लागतील, आणि एका गुणात विचार करायला लावणारा चांगला प्रश्न फार थोड्यांना साधतो.

त्यानंतरचे दोन तास आम्ही घरे हलवण्यात घालवले. पाच गुणांचा प्रश्न गतीतून काढून ऊतींत नेला आणि मध्यम पातळीवर ठेवला: जलवाहिनी आणि रसवाहिनी यांची रचना व कार्य, आकृतीसह. कठीण गुण तीन ठिकाणी गेले: पेशीत 3, गतीत 3 आणि बलात 2. गतीत सोपे 4 गुण झाले, बलात 2. आकडेमोड 15 गुणांवरून 7 वर आली, आणि तिच्या जागी अंतर-काल आलेख वाचण्याचा प्रश्न आला, ज्यात गती समजली आहे की नाही ते कळते आणि भागाकार लागत नाही. एक प्रश्न हलवला की त्याचा प्रकारही हलतो आणि दुसरीकडची बेरीज बिघडते, म्हणून प्रत्येक बदल जोडीने करावा लागत होता. पदार्थाच्या अवस्था आणि ऊती यांत कठीण प्रश्न आलाच नाही. तेवढे आम्ही जाणूनबुजून स्वीकारले आणि पुढच्या सत्रासाठी तशी नोंद करून ठेवली.

खरा कस पेशीच्या तीन गुणांच्या कठीण प्रश्नाला लागला. माझ्या हाताशी एक तयार प्रश्न होता, ज्यात जीवद्रव्याला 1839 मध्ये नाव कोणी दिले, असा एक भाग होता. पुर्किंजे हे उत्तर थोड्याच मुलांना येते, म्हणून तो मी कठीण धरला होता. सरांनी तो खोडला. क्वचित वाचलेला तपशील आठवणे अवघड असते, पण त्या अवघडपणाचा विचारशक्तीशी संबंध नसतो, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले. मग आम्ही घरातलाच विषय घेतला. आमच्याकडे उन्हाळ्यात कोवळे आंबे मिठात घालून वर दगडाचे वजन ठेवतात, ती चेपणीची तोरे. वरून पाणी न घालताही बरणीत पाणी सुटते आणि तोरे सुरकुततात. हे का घडते, असा प्रश्न झाला. पेशीतून पाणी बाहेर जाते याला एक गुण, ते पेशीपटलातून जाते याला एक, आणि बाहेर मिठाचे प्रमाण जास्त असल्यामुळे जाते याला एक, अशी गुणदान योजना तिथेच लिहिली. आमची प्रश्नपत्रिका इंग्रजीतून असते, आणि सुरकुतण्यासाठी मी पुस्तकी इंग्रजी क्रियापद वापरले होते. ते मुलांना समजले नाही तर प्रश्न भाषेमुळे कठीण होईल, म्हणून त्याऐवजी 'लहान होतात आणि कातडीला सुरकुत्या पडतात' अशा साध्या शब्दांचे वाक्य केले.

शेवटी विकल्पांकडे आलो. पाच गुणांच्या प्रश्नाला मी मुळात 'किंवा' म्हणून दुसऱ्या प्रकरणाचा पर्याय दिला होता: गतीचे उदाहरण किंवा ऊतींचे वर्णन. मुलाने ऊती निवडल्या की त्याच्यापुरते गतीचे 10 गुण 5 होतात आणि ऊतींचे 8 गुण 13 होतात. तक्ता एक सांगतो आणि मूल वेगळाच कागद सोडवते. म्हणून पर्याय त्याच प्रकरणातला, त्याच प्रकारचा आणि त्याच पातळीचा असावा, असे ठरले, आणि ऊतींच्या प्रश्नाला प्राणी ऊतींतलाच पर्याय दिला.

परीक्षा झाल्यावर मी आमच्या वर्गाच्या 36 उत्तरपत्रिकांवरून प्रश्नवार सरासरी काढली, कारण तक्त्यातले 'सोपे' आणि 'कठीण' हे शेवटी आमचे अंदाज होते. तोरांच्या प्रश्नाला 3 पैकी सरासरी 1.9 गुण मिळाले, म्हणजे 63 टक्के. आम्ही कठीण धरलेला हा प्रश्न मध्यम निघाला. बरणी ज्यांच्या घरात होती त्यांना त्यातले अर्धे आधीच ठाऊक होते, असे मला वाटते. याउलट अंतर आणि विस्थापन यांतला फरक हा दोन गुणांचा प्रश्न आम्ही सोप्या रकान्यात टाकला होता; त्याची सरासरी 0.7 आली, म्हणजे 35 टक्के. उत्तरे वाचली तेव्हा दिसले की बहुतेकांनी दोघांचे एकक एकच असते एवढे लिहून सोडून दिले होते, आणि दिशेचा उल्लेख फारच थोड्यांनी केला होता. 36 मुलांच्या आकड्यांवरून प्रश्नाची पातळी कायमची ठरवता येत नाही, हे मी जाणते, म्हणून बाकीच्या दोन शाळांचे आकडेही मागवले. विस्थापनाच्या प्रश्नाची सरासरी तिथेही अर्ध्याच्या खालीच होती.

त्या वर्षापासून माझ्या तक्त्याला एक जादा रकाना आहे. त्यात परीक्षेपूर्वी काही लिहीत नाही. तपासणी संपली की प्रत्येक प्रश्नापुढे मुलांना प्रत्यक्ष मिळालेली टक्केवारी लाल शाईने भरते, आणि पुढच्या प्रश्नपत्रिकेला बसताना जुना तक्ता शेजारी उघडून ठेवते. अंतर आणि विस्थापन आता मध्यम रकान्यात आहे.