सहा महिने म्हणजे नेमके किती दिवस?

आमच्या कारखान्यात शाळांचे गणवेश शिवले जातात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शंभरेक माणसं, त्यात बायकाच जास्त. पगार, हजेरी आणि रजा माझ्याकडे. रजेचा जुना कागद माझ्या आधीच्या माणसाने केला होता आणि त्यात बाळंतपणाबद्दल एकच ओळ होती: "प्रसूती रजा सहा महिने अनुज्ञेय राहील."

या ओळीने कधी घोटाळा केला नव्हता, असं आम्हाला वाटत होतं. मग हिशेब तपासताना एक जुनं प्रकरण समोर आलं. शिलाई विभागातली एक बाई १ सप्टेंबर २०२२ ला रजेवर गेली आणि १ मार्च २०२३ ला हजर झाली. सहा महिने पूर्ण. सहज दिवस मोजले तर १८१ भरले. कायद्यात मात्र महिने नाहीतच, २६ आठवडे आहेत, म्हणजे १८२ दिवस. तिचा एक दिवस फेब्रुवारीने खाल्ला होता. तीच रजा १ मार्चला सुरू झाली असती तर १८४ दिवस मिळाले असते. एका दिवसाने काय होतं, असं मालक म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तो दिवस कायद्यापेक्षा कमी दिलाय, आणि तेही आपल्याच सहीच्या कागदावर. मग नवीन कागद लिहायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

पहिला मसुदा मी ऐटीत केला. "प्रसूतीपूर्वी ८ आठवडे आणि प्रसूतीनंतर १८ आठवडे." कायद्यातले आकडे, बेरीज २६, चूक कुठे? तरी म्हटलं, विचारून बघू. दोन शिलाईवाल्या, कटिंग मास्तर आणि एक सुपरवायझर यांना कागद वाचायला दिला आणि एकच गणित घातलं. डॉक्टरांनी तारीख दिली १० जून २०२४. बाई १५ एप्रिलपासून, म्हणजे बरोबर आठ आठवडे आधी, रजेवर गेली. बाळ आलं उशिरा, १९ जूनला. रजेचा शेवटचा दिवस कोणता?

दोघी बायका म्हणाल्या २२ ऑक्टोबर, कारण बाळ झाल्यावर अठरा आठवडे. सुपरवायझर म्हणाला १३ ऑक्टोबर. मास्तर म्हणाले, "मॅडम, दसरा १२ तारखेला आहे, तो एक दिवस वर द्यावा लागेल ना?" एकाच वाक्यातून तीन उत्तरं.

बरोबर उत्तर १३ ऑक्टोबर. कायदा एकूण २६ आठवडे देतो आणि त्यातले जास्तीत जास्त ८ अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात, एवढंच म्हणतो. बाळ उशिरा आलं म्हणून एकूण रजा वाढत नाही आणि लवकर आलं म्हणून कमी होत नाही. रविवार आणि सण १८२ दिवसांतच मोजले जातात. माझी ती "नंतर १८" ही सुबक बेरीजच खोटं वचन देत होती. ती खोडून मी लिहिलं:

"रजेचा पहिला दिवस धरून सलग १८२ दिवस. यात रविवार आणि सणाच्या सुट्ट्या मोजल्या जातात. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेच्या ५६ दिवस आधीपर्यंत रजा सुरू करता येते. बाळ त्या तारखेच्या आधी किंवा नंतर झालं तरी एकूण दिवस तेवढेच राहतात."

आणि खाली तेच जूनचं उदाहरण तारखांसकट: शेवटचा दिवस रविवार १३ ऑक्टोबर, हजर व्हायचं सोमवार १४ ला. एका बाईने लगेच अडवलं, "पहिल्या सोनोग्राफीत एक तारीख, नंतरच्यात दुसरी. कुठली धरायची?" हे मला सुचलंच नव्हतं. रजेच्या अर्जासोबत जोडलेल्या दाखल्यावरची तारीख धरायची, असं ठरवून तेही लिहिलं.

"तिसऱ्या बाळंतपणाला १२ आठवडे" ही ओळसुद्धा अशीच गेली. कायदा बाळंतपणं मोजत नाही, हयात मुलं मोजतो. पहिल्याच खेपेला जुळं झालं असेल तर दुसऱ्या बाळंतपणाला १२ आठवडेच मिळतात, त्यातले ६ आधी घेता येतात. उलट दोनातलं एक मूल गेलं असेल तर तिसऱ्या वेळीही २६. लिहायला जड जातं, पण "हयात" हा शब्द गाळला तर कागद चुकीचाच होतो.

पैसे कोण देणार, हे जुन्या कागदात कुठेच नव्हतं, आणि बायका विचारायच्या तेच आधी. आमच्याकडे ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत, त्या ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत येतात. त्यांचे रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतात, वरच्या पगाराच्यांचे कंपनीकडून. कायद्याचं नाव न घालता लिहिलं: "तुमच्या पगारपत्रकात ईएसआयची कपात दिसते का? दिसत असेल तर रक्कम ईएसआय देईल, नसेल तर कंपनी." पगारपत्रक सगळ्यांकडे असतं, कायद्याचं पुस्तक कुणाकडेच नसतं.

आजारपणाच्या रजेत गोंधळ दोन दिवसांचा होता. ईएसआय आजारपणात पगाराच्या ७० टक्के देतं, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पण सहसा पहिले दोन दिवस सोडून. सोमवार ते शनिवार ताप आला तर चार दिवसांचेच पैसे येतात. त्यासाठी दाखला ईएसआयच्या डॉक्टरांचा लागतो, हे न कळल्याने कितीजण खासगी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतात. आम्ही पहिले दोन दिवस कंपनीच्या आजारपणाच्या रजेतून भरपगारी द्यायचं ठरवलं. एकाच दिवसाचे पैसे कंपनी आणि ईएसआय दोन्हीकडून घेता येत नाहीत, हेही त्याच वाक्याशेजारी ठेवलं, लांब कुठे तळटीपेत नाही.

बापाच्या रजेला खासगी कारखान्यात कायद्याचा आधार नाही, म्हणून तिथे सगळं आमच्या हातात. मालक म्हणाले पाच दिवस, लिहून टाका. मी लिहिलं, "बाळाच्या जन्मानंतर सलग पाच दिवस." मास्तर हसले. सोलापुरातल्या कितीतरी सुना पहिल्या खेपेला माहेरी जातात, कुणी कलबुर्गीला, कुणी विजापूरकडे. नवरा जन्माच्या वेळी एकदा धावतो आणि बारशाला परत जातो. सलग पाच दिवस त्याच्या काय कामाचे? शेवटी ठरलं: कामाचे पाच दिवस, रविवार धरायचा नाही, एकदम किंवा दोन तुकड्यांत, जन्माआधी ७ दिवसांपासून जन्मानंतर ९० दिवसांपर्यंत. दत्तकाचं विचारल्यावर मालक म्हणाले, तेही द्या.

छापण्याआधी एका शिलाईवालीने सगळा कागद तेलुगूत मोठ्याने सांगितला, कारण तिच्या ओळीतल्या निम्म्या जणी घरी तेलुगू बोलतात. जिथे ती अडखळली ते शब्द काढले. "अनुज्ञेय" तिथेच गेला, त्या जागी "मिळेल" आला.

कलमांचे आकडे मी कुठेच घातले नव्हते. वकिलांना ते आवडलं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि कलमं बदलली. २६ आठवडे आणि ८ आठवडे तसेच राहिले. आमच्या भिंतीवरच्या कागदात एक अक्षरही बदलावं लागलं नाही.