149 रुपये कापणारं खातं शोधताना

दर महिन्याच्या 9 तारखेला माझ्या बँकेतून 149 रुपये जात होते. पासबुक भरून आणलं आणि मागच्या पानांवरही तोच आकडा दिसला तेव्हा लक्षात आलं: चौदा महिने, म्हणजे 2086 रुपये.

यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे उघडलं. तिथे एक मँडेट, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायची परवानगी, चालू होतं, समोर नाव Google Play, आणि सुरू झाल्याची तारीख. एवढं सोपं होतं. मग माझ्या फोनवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या फोटोवर टिचकी मारली, Payments & subscriptions, मग Subscriptions. यादी रिकामी. मेलमध्ये GPA शोधलं, कारण प्लेच्या प्रत्येक पावतीचा ऑर्डर नंबर याच तीन अक्षरांनी सुरू होतो. त्या रकमेची एकही पावती नाही.

त्या तारखेवरून आठवलं. बाबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी कागद स्कॅन करायचे होते, म्हणून त्यांच्या फोनवर एक स्कॅनर ॲप टाकलं होतं. तीन दिवस फुकट होतं, आणि बाबांकडे यूपीआय नसल्यामुळे मी माझा आयडी दिला, माझ्या फोनवर पिन टाकून मंजुरीही दिली. काम झाल्यावर ॲप काढून टाकलं आणि विषय संपला असं धरलं. ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. ते फोनला नाही, ज्या गूगल खात्यातून घेतलं त्या खात्याला चिकटलेलं असतं.

आणि ते खातंच हरवलं होतं. बाबांचा तो फोन आम्ही एक्स्चेंजमध्ये दिला. नव्या फोनवर दुकानातल्या मुलाने नवं खातं उघडून दिलं, जुनंही तसंच एका दुकानात उघडलेलं. पासवर्ड कुणाला माहीत नाही, ईमेल आयडीही नाही. पावत्या त्या न उघडलेल्या पेटीत महिनोन्‌महिने पडत होत्या. ज्येष्ठ माणसाला फोन विकताना आयडी-पासवर्ड कागदावर लिहून देणं हे दुकानाचं काम आहे, आणि ते कुणी करत नाही याचा मला अजून राग येतो.

गूगलच्या साइन-इन पानावर Forgot email? असा पर्याय आहे. तिथे खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आणि खात्यावरचं नाव द्यावं लागतं. बाबांचा नंबर तोच होता, पण नाव जुळेना. पूर्ण नाव घातलं, नाही. नुसतं पहिलं नाव, नाही. आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी बदललं, तरी नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. मी मँडेट बंद करून मोकळी व्हायला निघाले होते, तेवढ्यात आई म्हणाली, “अगं, त्यांनी मला फोटो पाठवले होते ना, तेव्हा वर काका असं आलं होतं.” दुकानातला मुलगा बाबांना काका म्हणत होता, आणि त्याने खात्याचं नावही Kaka ठेवलं होतं. ते टाकलं, बाबांच्या फोनवर कोड आला आणि पत्ता समोर दिसला. पासवर्डही मग त्याच नंबरवरून नवा करता आला.

पुढचं पाच मिनिटांत झालं. ते खातं फोनवर घ्यायचीही गरज पडली नाही, लॅपटॉपवर play.google.com/store/account/subscriptions उघडलं. स्कॅनर होताच, शिवाय एक पंचांगाचं ॲप बाबांच्या डेबिट कार्डावर, वर्षाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात. मी फक्त मँडेट बंद केलं असतं तर हे कधीच दिसलं नसतं. दोन्हींवर Cancel subscription केलं. म्हणून आधी प्लेमधून रद्द करा, रद्द झाल्याची मेल आली की मग मँडेट काढा. खातं सापडणारच नसेल तर मँडेट काढणं हा शेवटचा उपाय: पैसे न मिळाल्यावर प्ले काही दिवस पुन्हा प्रयत्न करतं आणि मग सबस्क्रिप्शन आपोआप बंद पडतं.

परताव्याचं म्हणाल तर पैसे कापल्यापासून 48 तासांत प्लेकडे मागता येतो, त्यानंतर ॲप बनवणाऱ्याला लिहावं लागतं. मी लिहिलं, शेवटच्या महिन्याचे 149 परत आले.

एक सांगायचं राहिलं. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी मेसेज चाळले तेव्हा प्रत्येक महिन्याच्या 8 तारखेची सूचना तिथे होती, जाहिरातींच्या गर्दीत. आणि फुकट मुदतीचं काही घेतलंत तर त्याच दिवशी रद्द करून टाका, बहुतेक ॲपं मुदत संपेपर्यंत तरीही चालतात.

बाबांच्या दोन्ही खात्यांचे आयडी आता आईच्या गॅसच्या पुस्तकात, मागच्या कोऱ्या पानावर लिहिलेले आहेत.