चादरीखालची अंघोळ

"तुम्ही इतकी वर्षं नर्स आहात, पण एखाद्या परक्या माणसाला पहिल्यांदा अंघोळ घातलीत, तेव्हा लाज नाही का वाटली?"

वाटली, आणि त्या लाजेपायीच माझ्या हातून त्या दिवशी दोन चुका झाल्या. दोन्ही सांगते, कारण त्या सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

प्रथम वर्षाचे पहिले काही महिने आम्ही प्रात्यक्षिकाच्या खोलीत डमीवर शिकत होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पलंगावरच अंघोळ घालणं, म्हणजे वॉर्डाच्या भाषेत स्पंज देणं, मला तोंडपाठ होतं. डोळे साबणाशिवाय पुसायचे, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्याकडे, आणि प्रत्येक डोळ्याला फडक्याचं वेगळं टोक वापरायचं. हात मनगटापासून काखेकडे पुसत न्यायचा. पाणी ४३ ते ४६ अंश सेल्सिअस असावं आणि थर्मामीटर नसेल तर ते मनगटाच्या आतल्या बाजूवर घेऊन पाहावं. डमीला थंडी वाजत नव्हती आणि ती डोळे मिटून घेत नव्हती, त्यामुळे तिच्या अंगावरची चादर मी एकदम पायथ्याशी सारत असे आणि त्यात काही वावगं आहे, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या स्त्रियांच्या वॉर्डात मला पहिला रुग्ण मिळाला. सत्तरीच्या एक आजी होत्या, लालबागच्या चाळीतल्या. यजमान गिरणीत होते, आणि १९८२ च्या संपानंतर आजींनी डबे करून घर चालवलं होतं. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली होती. वाचा शाबूत होती आणि उजवा हात चांगला चालत होता. तीन आठवडे झाले तरी त्यांना घरी नेता येत नव्हतं, कारण खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि चाळीला लिफ्ट नव्हती. त्यांच्या कागदावर दोन दिवस "स्पंज नाकारला" अशी नोंद होती. ती नोंद मी वाचली, पण का नाकारला, हे विचारावं असं मला सुचलं नाही.

सकाळी आठच्या सुमारास ट्रॉली घेऊन गेले. चाकांचा तीन पाखांचा पडदा पलंगाच्या एका बाजूला लावला, पंखा बंद केला आणि "आजी, स्पंज करूया हं," असं म्हणून त्यांच्या उत्तराची वाट न पाहता झग्याच्या नाड्या सोडल्या. त्या काही बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत, म्हणजे चालेल, असं मी धरून चालले. मग सवयीप्रमाणे चादर पायथ्याशी सारली. आजींनी चटकन उजवा हात छातीवर आडवा घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ते पाहून माझा चेहरा तापला. मला वाटलं, आपण बघतो आहोत म्हणून त्यांना त्रास होतो आहे. तेव्हा बघूच नये, लवकर आटपावं. मी नजर बेसिनकडे ठेवून भराभर फडकं फिरवू लागले. त्यातच खालची चादर ओली झालेली दिसली, म्हणून पडद्याआडूनच मैत्रिणीला हाक मारून सांगितलं, "अगं, आजींची चादर ओली झालीय, दुसरी आण." चाळीस खाटांच्या वॉर्डात ते सगळ्यांनी ऐकलं.

आणि त्याच वेळी डॉक्टरांचा राउंड आला. पडद्याचं एक पाखं कुणीतरी सहज बाजूला केलं. आत चादर पायथ्याशी होती, आजी ओल्या होत्या, आणि पडद्यापाशी चार-पाच तरुण डॉक्टर उभे होते. त्यांनी लगेच पाखं लावून घेतलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आजींनी उरलेला सगळा वेळ डोळे उघडले नाहीत.

आमच्या ट्यूटर मॅडम दुपारी आल्या. त्यांनी आजींना कुशीवर वळवण्याची परवानगी मागितली, चादर फक्त पाठीपुरती बाजूला केली आणि माकडहाडाच्या वरच्या भागाकडे बोट केलं. तिथे रुपयाएवढा लालसर डाग होता. मॅडमनी त्यावर बोट दाबून धरलं आणि उचललं. डाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला. "अजून वेळ गेलेली नाही," त्या मला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाल्या. "दाबल्यावर पांढरा पडला नसता, तर आतल्या पेशींना इजा सुरू झाली आहे असं धरावं लागलं असतं. तू सकाळी पाठ पुसलीस ना? मग हे कसं दिसलं नाही?"

दिसलं नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं. ही माझी दुसरी चूक होती, आणि मला आजही पहिलीपेक्षा ती मोठी वाटते. रुग्णाची लाज राखायची म्हणून मी डोळे वळवले होते, पण खरं तर मी माझी लाज राखत होते. स्पंज देताना परिचारिकेने कातडी पाहायची असते. टाचा, घोटे, कोपर, खांद्यांची पाती, माकडहाड, डोक्याचा मागचा भाग, जिथे हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस थोडं असतं आणि दाबाने रक्तपुरवठा अडतो, तिथे नजर आणि बोट दोन्ही जायला हवीत. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत तर अधिकच, कारण ज्या बाजूची संवेदना गेली आहे तिथे दुखतं आहे हे त्याला स्वतःला कळेलच असं नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला प्रात्यक्षिकाच्या खोलीत नेलं, पलंगावर आडवं व्हायला सांगितलं आणि मैत्रिणीला माझा एक हात आणि एक पाय धुवायला लावला. एवढंच, आणि तेही गणवेशात. तरीही उभं असलेलं माणूस खालून किती उंच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. ओला हात पुसायला थोडा वेळ लागला तरी हवेने तो गारठतो, हेही कळलं. मैत्रीण माझ्यावरून वाकून दुसऱ्या मुलीशी बोलत होती, तेव्हा आपण तिथे नाहीच, असं मला वाटलं.

तिथून मी आजींकडे गेले आणि प्रथम माफी मागितली. मग विचारलं, की तुम्ही स्पंजला नाही का म्हणत होतात. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पोरी, आम्ही एका खोलीत आठ माणसं. मोरीला दार नाही. तरी माझ्या सुनेला कधी कुणी उघडं पाहिलं नाही. पुरुष गॅलरीत जायचे, आणि बाई परकर छातीवर बांधून अंघोळ करायची. परकराच्या आतून सगळं अंग धुतलं जातं आणि दिसत काही नाही. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हाला हे ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. माझी आजी गावी तशीच अंघोळ करायची. आणि पुस्तकातही नेमकं तेच लिहिलं होतं: अंगावर मोठी आच्छादनाची चादर घालायची, तिच्याखालून कपडे काढायचे, आणि ज्या भागाला पाणी लावायचं तेवढाच उघडून, धुऊन, कोरडा करून लगेच झाकायचा. मी ती ओळ पाठ केली होती. पण ती ओळ म्हणजे छातीवर बांधलेला परकर, हे मला आजींनी सांगितलं.

"मग तसंच करूया," मी म्हटलं. "आणि जिथे तुमचा हात पोचतो तिथे तुम्हीच धुवा. चालेल?"

या वेळी मी उत्तराची वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "आधी सिस्टरना सांग, डाक्तर येतात का ते बघ." मी इनचार्ज सिस्टरना सांगून आले, दुसरा पडदा मागून आणला आणि दोन्हींची पाखं एकमेकांवर चढवून फट बुजवली. लघवीला जायचं आहे का, हे त्यांच्या कानाशी वाकून विचारलं. लागणारं सगळं सामान, कोरड्या दोन चादरींसह, आधीच ट्रॉलीवर ठेवलं, म्हणजे मध्येच कुणाला हाक मारायची वेळ येणार नाही. पडदा नजरा अडवतो, आवाज अडवत नाही, हे आदल्या दिवशी मला समजलं होतं.

झगा चादरीखालून काढला, आधी चांगल्या उजव्या हातातून आणि मग डाव्या, कारण लुळ्या हाताला ओढ बसता कामा नये. चेहरा त्यांनी स्वतः पुसला. डाव्या हाताशी आले तेव्हा त्यांनी तो पुन्हा चादरीखाली ओढून घेतला. मूठ घट्ट मिटलेली होती आणि तिला वास येत होता. घाम आणि ओल आत कोंडून राहिली होती. मला तेव्हा उमगलं, की दोन दिवसांच्या नकारामागे अंग दिसण्याइतकीच ही मूठही होती. हयातभर दुसऱ्यांसाठी स्वयंपाक केलेल्या बाईला आपल्या हाताला वास येतो, हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. मॅडमनी दाखवलं होतं त्याप्रमाणे मी बोटं ओढली नाहीत. मनगट हळूच तळव्याच्या दिशेने वाकवलं, की बोटांची पकड आपोआप सैल होते. हात कोमट पाण्याच्या बेसिनमध्ये ठेवला. थोड्या वेळाने मूठ उघडली. बोटांच्या बेचक्या धुतल्या, एकेक करून कोरड्या केल्या आणि मऊ कापडाची गुंडाळी तळव्यात ठेवली. आजी सबंध वेळ त्या हाताकडे पाहत होत्या.

पाय झाल्यावर पाणी बदललं. मग फडकं ओलं करून, पिळून त्यांच्या उजव्या हातात दिलं, पुढून मागे पुसायचं एवढं सांगितलं, आणि चादरीची कड धरून उभी राहिले. त्यांनी आतल्या आत स्वतः धुतलं. मागची बाजू त्यांना जमणार नव्हती आणि ती मी पाहायलाच हवी होती, म्हणून तसं स्पष्ट सांगितलं: "आजी, आता मी पाठ आणि त्याखालचा भाग बघणार आहे, तिथे लाल झालं होतं." त्या "बघ" म्हणाल्या. मी कुशीवर वळवलं, नीट पाहिलं, डागावर बोट ठेवून तपासलं. डाग कालच्यापेक्षा फिकट होता. आता दर दोन तासांनी कूस बदलायची, हेही त्यांना सांगितलं, म्हणजे रात्री उठवल्यावर त्या दचकणार नाहीत.

कोरडा झगा चढवला, या वेळी आधी डाव्या हातात. केस विंचरून दिले. सगळं आवरून मी पडद्याला हात घातला, तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब."

झग्याला पदर नव्हता. त्यांनी उशाशी ठेवलेला स्वच्छ पंचा उजव्या हाताने उचलला, पण एका हाताने तो डोक्यावर नीट बसेना. मी त्याची एक कड धरली, दुसरी त्यांनी कानामागे सारली. मग त्यांनी समोर पाहिलं आणि म्हणाल्या, "आता काढ पडदा."