मेणकिड्याने शिकवलेला धंदा

सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या २० पेट्यांवर आम्ही नवरा-बायकोने सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याजवळ हा मधाचा धंदा सुरू केला. पहिल्या उन्हाळ्यात जांभळाचा आणि हिरड्याचा मध छान मिळाला. पाऊस लागला आणि सप्टेंबरपर्यंत सात पेट्या रिकाम्या झाल्या. माश्या मेल्या नव्हत्या, पेटी सोडून उडून गेल्या होत्या. वाटलं, पाऊसच जास्त झाला.

एका पेटीचं झाकण काढलं तेव्हा खरं कारण दिसलं. आठ चौकटींपैकी जेमतेम तीनच माश्यांनी झाकलेल्या, बाकीच्या उघड्या. त्या काळ्या जुन्या पोळ्यांतून कोळ्याच्या जाळ्यासारखे बोगदे गेलेले, आत मळकट पांढऱ्या अळ्या. तळपाटावर मेणाचा भुगा आणि खसखशीएवढी काळी लेंडी. हा मेणकिडा, म्हणजे मेणपतंगाची अळी. ज्या पोळ्यात पिल्लं वाढून गेली, तिथे त्यांच्या कोशांच्या काती राहतात, त्या खाऊन ही अळी पोसते. म्हणून नव्या पांढऱ्या पोळ्यापेक्षा जुनं काळं पोळं तिला आवडतं.

चूक आमचीच होती. आम्ही उन्हाळ्यातला सगळा संसार पावसाळ्यात तसाच ठेवला. एका म्हाताऱ्या मधपाळ काकांनी सांगितलं, "अरे, माश्यांना राखता येईल तेवढंच घर ठेव."

आता मे अखेरीस शेवटचा मध काढला की मधकक्ष, म्हणजे मध साठवायचा पेटीचा वरचा कप्पा, उतरवतो आणि माश्यांनी न झाकलेली पोळी काढून घेतो. मागे उरलेल्या जागेत आडवी फळी टाकतो, दारही अरुंद करतो. पावसात उघडीप मिळेल तेव्हा, साधारण आठ-दहा दिवसांनी, तळपाट खरवडून भुगा दूर नेऊन जाळतो. पेटीजवळ टाकला तर पतंग पुन्हा तिथेच वाढतो. साखरपाणी समप्रमाणात, संध्याकाळी, आतच देतो. बाहेर सांडलं की मुंग्या येतात, म्हणून स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात. दोन कमजोर वसाहती असतील तर एकीची राणी काढून, मध्ये वर्तमानपत्र घालून जोडतो. राणी काढताना हात अजूनही थबकतो.

काढलेल्या पोळ्यांची गोष्ट वेगळी. पहिल्या वर्षी बंद पेटीत गंधक जाळून धूर दिला आणि निर्धास्त झालो. तीन आठवड्यांनी त्यात पुन्हा अळ्या! गंधकाच्या धुराने अळ्या मरतात, अंडी मरत नाहीत. आता दोन आठवड्यांनी पुन्हा धूर देतो. त्या वेळी खोलीत कुणी थांबत नाही. थोडीच पोळी असतील तर पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो, त्यात अंडीही मरतात.

फार काळी पोळी मात्र ठेवतच नाही. ती वितळवून मेण गाळतो आणि त्याचे मेणपत्रे बनवून घेतो. पुढच्या वसंतात तेच पेट्यांत परत जातात.