कच्च्या रेखाचित्रातली जागा आणि डेप्थ मॅप

कलादिग्दर्शकाने दिलेल्या पेन्सिलच्या चित्रात मोजकेच होते: मध्याच्या डावीकडे काचेची बाटली, तिच्या मागे खोका, बाटलीपुढे पडलेले टोपण उचलायला खालून आलेला हात आणि उजवीकडे मजकुरासाठी मोकळी सोडलेली भिंत. हाताची बोटे बाटलीच्या खालच्या भागावरून पुढे जात होती. यावरून एआयकडून चित्र बनवून घेताना ही मांडणी जराही हलता कामा नये, एवढीच अट होती. एखादी गोष्ट ‘फक्त एवढीच’ आहे, असे ज्यांना ती करायची नसते तेच सांगतात.

माझ्याकडे काम येण्यापूर्वी एका सहकाऱ्याने ते रेखाचित्र जसेच्या तसे कंट्रोलनेटच्या, म्हणजे एआय चित्राची मांडणी बांधून ठेवणाऱ्या साधनाच्या, डेप्थ युनिटला दिले होते. हे युनिट डेप्थ मॅपवर, म्हणजे जवळचे उजळ आणि दूरचे गडद दाखवणाऱ्या करड्या नकाशावर चालते. चित्रातून असा नकाशा काढणाऱ्या प्रीप्रोसेसरने कागदाचीच खोली मोजली आणि एक फिकट, सपाट करडा पट्टा परत दिला. त्यात नवल काहीच नाही. मिडास किंवा डेप्थ एनीथिंगसारखी मॉडेल्स छायाप्रकाश, पोत आणि वस्तूंची झाकाझाक यांवरून अंतराचा अंदाज बांधतात. विरळ रेषांत त्यांना अंदाजाला फारसा आधारच मिळत नाही. नुसत्या रेषा पाळणाऱ्या स्क्रिबलने कडा टिकल्या असत्या, पण कोणती कड पुढची आणि कोणती मागची हे रेषेला सांगता येत नाही.

तीच अडचण शरीराचा सांगाडा पाळणाऱ्या ओपनपोझचीही होती. हाताच्या एकवीस बिंदूंचा सांगाडा दिल्यावर बोटांचा कोन बरा मिळाला, पण सांगाडा सपाट असतो, त्यामुळे काही चित्रांत बोटे बाटलीच्या मागे गेली, तर काहींत काचेतच विरघळली. शिवाय चौकटीत देह नसताना नुसत्या पंजाचा सांगाडा फारसा पाळलाही जात नाही. या दृश्यात मला डेप्थच विश्वासाचा वाटला.

म्हणून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये रेखाचित्र कॅमेऱ्याच्या दृश्यात पार्श्वभूमीला ठेवून त्यावर साधे आकार रचले: बाटलीसाठी सिलिंडर, खोक्यासाठी घन, भिंतीसाठी सपाट पृष्ठ आणि हातासाठी तयार कच्चे मॉडेल. खरे काम यानंतरचे होते आणि बहुतेक जण नेमके तेच वगळतात. कॅमेऱ्यापासून बोटे ०.९ मीटर, बाटली १ मीटर, खोका १.२ मीटर आणि भिंत ४ मीटर होती. हे अंतर सरळ रेषेत करड्या छटांच्या ० ते २५५ या श्रेणीवर बसवले, तेव्हा बोटे २५५ आणि बाटली सुमारे २४७ आली. आठ पायऱ्यांचा हा फरक डोळ्याला दिसत नाही आणि मॉडेलही त्याची फारशी दखल घेत नाही. सगळी करडी श्रेणी बाटली आणि भिंत यांच्यामधल्या रिकाम्या हवेने खाल्ली होती. मिडास ज्या प्रकारचा नकाशा देते, तो अंतराचा नसून अंतराच्या व्यस्ताचा असतो. त्याप्रमाणे १ भागिले अंतर घेतल्यावर बाटली २२२ वर आली. मग भिंत २ मीटरवर ओढली, तशी बाटली २०९ आणि खोका १३९ वर उतरला. कॅमेऱ्यातून पाहिल्यास मांडणी तीच होती, पण बोटे आणि बाटली यांच्यात आता ठळक पायरी होती. हे तपासायला रंग टिपणारे साधन नकाशावर फिरवले तरी पुरते.

नकाशा चढवताना प्रीप्रोसेसर `none` ठेवावा लागतो, नाहीतर तो तयार खोलीचीच पुन्हा खोली काढू पाहतो. वजन १ ठेवून नियंत्रण शेवटपर्यंत चालू दिले, तेव्हा बाटली मातीच्या सिलिंडरसारखी ठोकळेबाज आली. नियंत्रण कुठल्या टप्प्यावर सोडायचे ते ठरवणारे `Ending Control Step` ०.६५ वर आणल्यावर जागा न हलता मानेचा घाट आणि काचेची जाडी मोकळी झाली, कारण मांडणी डीनॉयझिंगच्या, म्हणजे गोंगाटातून चित्र साकारण्याच्या, पहिल्या टप्प्यांतच ठरून जाते. लेबलावरची अक्षरे मात्र खऱ्या छायाचित्रातून नंतर बसवली. डेप्थकडून ती अपेक्षा धरणेच चूक आहे.

बोटे बाटलीपुढे राहिली, भिंत मोकळी राहिली, सगळ्यांनी मान डोलावली. मग कलादिग्दर्शकाने रेखाचित्रातल्या तिरप्या रेघांकडे बोट दाखवून विचारले, “प्रकाश डावीकडून होता ना?” निवडलेल्या चित्रात तो उजवीकडून होता आणि बाटलीची सावली अगदी वेगळ्या जागी पडली होती. डेप्थ मॅपमध्ये प्रकाशाची दिशा नसतेच आणि प्रॉम्प्टमधले ‘डावीकडून’ दर वेळी पाळले जात नाही. शेवटी डावीकडे उजळ आणि उजवीकडे गडद होत जाणारे करडे चित्र इमेज-टू-इमेजला सुरुवात म्हणून दिले, ते चित्र किती बदलायचे हे ठरवणारे डीनॉयझिंग ०.८५ च्या आसपास ठेवले आणि डेप्थ तसाच राहू दिला. दिशा बहुतांशी सुधारली, पण ज्या भिंतीवर मजकूर यायचा तिच्यावर आता एक मंद छटा उतरते, आणि डीनॉयझिंग वाढवून ती घालवू गेले की प्रकाश पुन्हा भटकतो. या दोहोंमधला आकडा मी अजून शोधतो आहे.